भावी मार्गदर्शकास लिहावयाचे पहिले पत्र

पदव्युत्तर परीक्षा नुकतीच उत्तीर्ण झालेला आणि संशोधनाच्या नावाने ज्याच्या दप्तरी एकच लहानसा प्रकल्प जमा आहे असा विद्यार्थी जेव्हा एखाद्या अपरिचित प्राध्यापकास, आपणास डॉक्टरेटसाठी मार्गदर्शन कराल काय, असे विचारण्यासाठी ईमेल लिहावयास बसतो, तेव्हा त्याच्या मनावर पहिले दडपण येते ते त्या प्रकल्पाच्या लहानपणाचे. हे दडपण त्यास दोन दिशांनी चुकवते. एक तर तो त्या प्रकल्पास मोठमोठी विशेषणे चढवतो, नाही तर त्याचा उल्लेख एका ओळीत उरकून आपल्या गुणांची टक्केवारी, शिबिरे, प्रमाणपत्रे आणि ज्ञानलालसा यांची यादी पुढे करतो. पत्र वाचणाऱ्या प्राध्यापकास मात्र ठरवावयाचे असते ते वेगळेच. हा मनुष्य तीन ते पाच वर्षे आपल्या प्रयोगशाळेत राहिल्यास, समोर आलेल्या आकड्यांतून किती निष्कर्ष निघतो आणि किती निघत नाही हे त्यास समजेल काय, एवढाच त्याचा प्रश्न असतो. आणि या प्रश्नाचे उत्तर लहान प्रकल्पातूनही मिळू शकते, किंबहुना लहान प्रकल्पातून ते अधिक स्वच्छ मिळते, कारण त्यात विद्यार्थ्याचा स्वतःचा हात कोठे लागला हे दिसते.

तथापि, असे पत्र लिहावे की नाही हे आधी त्या त्या ठिकाणच्या प्रवेशाच्या रीतीवरून ठरवले पाहिजे. जर्मनीत डॉक्टरेटचा एक जुना मार्ग असा आहे की मार्गदर्शक होण्यास एखादा प्राध्यापक प्रथम तयार झाला पाहिजे आणि मगच विद्यापीठाकडे नोंदणीचा अर्ज करावयाचा. तेथे हे पहिले पत्र म्हणजे प्रवेशाचे दारच होय. अमेरिकेत पुष्कळ विभागांत निवड एका समितीकडे असते, अर्जाची मुदत बहुधा डिसेंबरच्या सुमारास संपते, आणि जीवशास्त्राच्या अनेक अभ्यासक्रमांत विद्यार्थी पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून मग मार्गदर्शक निवडतो. अशा ठिकाणी पत्राचा उपयोग मर्यादित आहे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि सहायक प्राध्यापकास चार यांहून अधिक पीएच.डी. विद्यार्थी घेता येत नाहीत, आणि ज्याच्या निवृत्तीस तीन वर्षांहून कमी अवधी उरला आहे त्यास नवा विद्यार्थी घेण्याची मुभा नाही. म्हणून भारतातील मार्गदर्शकास लिहिताना जागा रिकामी आहे काय, हा प्रश्न औपचारिक नसून खरा असतो. प्रत्येक प्राध्यापकाच्या संकेतस्थळावर अर्जदारांसाठी काही सूचना आहेत काय हेही शोधावे. काही ठिकाणी विषयाच्या ओळीत अमुक शब्द घालावा असे मुद्दाम लिहिलेले असते, आणि तो शब्द नसलेले पत्र उघडलेही जात नाही.

आता एक उदाहरण घेऊन त्याचा तपशील शेवटपर्यंत पाहू. समजा, रत्नागिरीकडील एका विद्यार्थिनीने प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना जांभ्या दगडाच्या सड्यावरील पावसाळी डबक्यांवर प्रकल्प केला. या डबक्यांत पावसाळ्याच्या थोड्या आठवड्यांत फेअरी श्रिंप नावाचे, कवच नसलेले आणि पाठीवर पोहणारे लहान जलचर दिसतात. डबके आटले की ते मरतात, परंतु त्यांची सुप्त अंडी तळच्या मातीत कोरडी राहून पुढील पावसाची वाट पाहतात. सगळीच अंडी पहिल्या पाण्याला फुटली आणि पाणी चार दिवसांत आटले तर वंशच बुडेल. म्हणून काही अंडी पहिल्या पाण्यास दाद न देता मागे राहतात, असा एक सिद्धान्त आहे. डॅन कोहेन यांनी 1966 साली वाळवंटातील वर्षायू वनस्पतींच्या बियांबाबत त्याची गणिती मांडणी केली. ज्या ठिकाणी हंगाम फसण्याची शक्यता अधिक, त्या ठिकाणी एका वेळी कमी बिया रुजणे हितावह, असा तिचा आशय. आपल्या सड्यावरील अंडी असे काही करतात काय, हा विद्यार्थिनीचा प्रश्न होता.

तिने सहा डबकी निवडली. पावसाळ्यात दर आठवड्यास खोली मोजली, तेव्हा पावसाने ओढ दिल्यावर तीन डबकी मधेच कोरडी पडली आणि तीन हंगामभर भरलेली राहिली. एप्रिलमध्ये तिने प्रत्येक डबक्याच्या तळातून तीन ठिकाणची माती घेतली, प्रत्येक नमुन्यातील 50 ग्रॅम माती एका बरणीत घालून वर पाणी ओतले, आणि अशा अठरा बरण्या चौदा दिवस पाहिल्या. अंड्यातून बाहेर आलेली पिले रोज पिपेटने काढून मोजली, कारण ती बरणीतच वाढली असती तर त्यांनी नवी अंडी घातली असती आणि पुढचा हिशेब बिघडला असता. मग माती तीन आठवडे वाळवली आणि पुन्हा भिजवली. दुसऱ्या भिजवणीत, मधेच आटणाऱ्या डबक्यांच्या नऊ बरण्यांपैकी आठांत नवी पिले निघाली. टिकाऊ डबक्यांच्या नऊ बरण्यांपैकी केवळ तीनांत निघाली.

हे आकडे मनास भुरळ घालणारे आहेत, आणि पत्रातील खरा धोका येथूनच सुरू होतो. ‘बेभरवशाच्या डबक्यांतील अंडी अधिक सावध असतात असे मी सिद्ध केले,’ असे वाक्य लेखणीतून सहज उतरते. परंतु ज्या प्राध्यापिकेचे आयुष्य या विषयात गेले आहे तिला या वाक्यात दोन छिद्रे तत्काळ दिसतील. पहिले असे की, नऊ विरुद्ध नऊ हा हिशेब बरण्यांचा आहे, आणि एकाच डबक्याच्या तीन बरण्या परस्परांपासून स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. तुलना डबक्यांची असल्यामुळे ती वस्तुतः तीन विरुद्ध तीन एवढीच आहे. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 साली परिसरशास्त्रातील प्रयोगांत हा दोष किती सर्रास आढळतो हे सविस्तर दाखवले, आणि तेव्हापासून या शास्त्रातील परीक्षक प्रथम तोच शोधतात. दुसरे छिद्र अधिक खोल आहे. बरणीतील मातीत मुळात किती अंडी होती हे मोजलेलेच नाही. आटणाऱ्या डबक्यांत अंड्यांची संख्याच मोठी असेल, तर प्रत्येक वेळी तेवढ्याच प्रमाणात अंडी फुटूनही दुसऱ्या भिजवणीसाठी काही शिल्लक राहतील; म्हणजे सावधपणा तोच, साठा मात्र वेगळा. सिद्धान्त बोलतो तो फुटलेल्या अंड्यांच्या प्रमाणाविषयी, आणि प्रमाण काढावयास छेद पाहिजे. विद्यार्थिनीजवळ अंश आहे, छेद नाही.

जी उणीव लपवावीशी वाटते तीच या पत्राचे सर्वांत मोलाचे वाक्य होऊ शकते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या आकड्यांत काय नाही हे ज्याने ओळखले, तो पुढचा प्रयोग कोणता करावयाचा हेही जाणतो. आणि डॉक्टरेटचे काम म्हणजे मोठ्या अंशी पुढचा प्रयोग कोणता, हे पुनःपुन्हा ठरवण्याचेच काम आहे. म्हणून प्रकल्पाचा परिच्छेद चार गोष्टींनी पुरा होतो: विचारलेला प्रश्न, केलेले काम त्याच्या परिमाणांसह, मिळालेले एक फळ, आणि त्या फळाची एक मुख्य मर्यादा. मर्यादा एकच सांगावी, आणि ती अर्थावर परिणाम करणारी असावी. प्रयोगशाळेत वातानुकूलन नव्हते, वेळ कमी पडला, उपकरणे अपुरी होती, असली कैफियत पत्रात आणल्यास ती मर्यादा न राहता तक्रार होते. ‘जैवविविधता’, ‘हवामानबदल’, ‘शाश्वत विकास’ असे प्रशस्त शब्दही येथे उपयोगी पडत नाहीत. सहा डबक्यांच्या अभ्यासावर ते बसत नाहीत आणि वाचणाऱ्यास त्यांतून काहीच कळत नाही.

याच परिच्छेदात आणखी एक प्रामाणिकपणा लागतो, तो ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांच्यातला. पावसाळ्यातील मोजणी जर तिघा विद्यार्थ्यांनी मिळून केली असेल आणि भिजवणीचा प्रयोग हिने एकटीने योजला असेल, तर तसे सांगावे. मुलाखतीत, तीन आठवडेच का वाळवले, असे विचारले जाईल, आणि ज्याने निर्णय घेतला त्यालाच त्याचे कारण सांगता येते. प्राण्याची ओळख कोठवर पटली हेही नेमके लिहावे. फेअरी श्रिंपच्या जाती मुख्यतः प्रौढ नराच्या शृंगिकांच्या घडणीवरून ओळखतात; पिले रोज काढून टाकल्यावर त्यांची जात सांगता येणार नाही, आणि म्हणून पावसाळ्यात पकडलेल्या नरांवरून स्ट्रेप्टोसेफॅलस ही प्रजाती ठरवली, जात ठरवली नाही, एवढेच म्हणणे सुरक्षित व खरे. शिवाय प्रकल्प अप्रकाशित असेल तर त्याचे आकडे बाहेर पाठवण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयातील मार्गदर्शकाची संमती घ्यावी; ते आकडे दोघांचे असतात, आणि पुढे शिफारसपत्र मागावयाचे तेही त्यांच्याचकडे.

यानंतरचा भाग म्हणजे आपल्या प्रकल्पाचा आणि त्या प्राध्यापकाच्या कामाचा सांधा. ‘आपले संशोधन वाचून मी अत्यंत प्रभावित झाले’ हे वाक्य जगातील कोणाही प्राध्यापकास पाठवता येते, आणि म्हणूनच त्यातून पाठवणाऱ्याने काही वाचले असल्याचे दिसत नाही. शीर्षकाचे शब्द पत्रात उतरवणे ही याचीच दुसरी तऱ्हा. सांधा खरा आहे की नाही हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे: प्राध्यापकाचे नाव पुसून दुसऱ्याचे घातले असता वाक्य तसेच खरे राहत असेल तर ते काढून टाकावे. आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनी या विषयातील एका जर्मन प्राध्यापिकेस लिहीत आहे आणि त्या प्राध्यापिकेचे दोन शोधनिबंध तिने संपूर्ण वाचले आहेत असे समजू. त्यांतील एका निबंधात प्रत्येक नमुन्याचे दोन भाग केले आहेत. एका भागातील अंडी साखरेच्या दाट द्रावणात तरंगवून मोजली आहेत आणि दुसरा भाग भिजवून किती फुटली ते पाहिले आहे. म्हणजे विद्यार्थिनीस जो छेद हवा होता तो मिळवण्याची रीत तेथे सिद्ध आहे. हे वाचल्यावर तिला लिहावयाचे वाक्य शोधावे लागत नाही. ‘माझ्या प्रयोगात जे राहिले ते आपण कसे केले ते मी वाचले’ एवढेच सांगितले की पुरे.

सांध्याची दुसरी बाजू म्हणजे आपण काय घेऊन येतो. कोकणात मोसमी पाऊस येतो हे बहुधा निश्चित असते. अनिश्चित असते ती त्यातील खंडांची लांबी. उलट कोरड्या प्रदेशात पाणी मुळात येईल की नाही, हीच शंका असते. तेव्हा, सुप्त अंडी पावसाच्या आगमनाच्या अनिश्चिततेस उत्तर देतात की मधल्या खंडाच्या, हा प्रश्न सड्यावरील डबक्यांत वेगळा करून पाहता येईल, असे विद्यार्थिनी सुचवू शकते. येथे संशोधनाचा संपूर्ण आराखडा देण्याची घाई करू नये. तो मागितला गेल्यास लिहावा लागेलच. पहिल्या पत्रात एक प्रश्न दोन वाक्यांत मांडणे पुरेसे असते, आणि तो प्रश्न प्राध्यापकाच्या हाती सुधारण्याजोगा राहू देणे श्रेयस्कर असते.

आता विनंतीविषयी. पत्रात ज्याचे उत्तर दोन ओळींत देता येईल असा एकच मुख्य प्रश्न असावा. ‘माझ्या भवितव्याविषयी मार्गदर्शन करावे’ या विनंतीस उत्तर लिहावयास अर्धा दिवस लागेल आणि म्हणून ते लिहिले जाणार नाही. पुढील वर्षीच्या ऑक्टोबरपासून नवा विद्यार्थी घेण्याचा आपला विचार आहे काय, हा प्रश्न होय-नाहीने सुटतो. जर्मनीत हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होत असल्यामुळे तारीखही योग्य बसते. त्यासोबत पैशांची बाब संकोच न करता लिहावी. प्रकल्पाच्या अनुदानातून वेतन मिळणारी जागा असेल तर तिची जाहिरात निघते आणि अर्ज तिकडे करावयाचा असतो. नसेल तर विद्यार्थ्याने शिष्यवृत्ती आणावी लागते. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा, म्हणजे डाड, हिच्या डॉक्टरेट शिष्यवृत्तीच्या अर्जास मार्गदर्शकाचे संमतिपत्र जोडावे लागते. ते मिळवणे हाच या पत्राचा व्यवहारातील एक हेतू असू शकतो, आणि तो उघड सांगितलेला बरा.

या सर्वांचा मसुदा कसा दिसेल? मूळ पत्र इंग्रजीत जाईल. त्याचा आशय पुढे मराठीत देत आहे. विषयाची ओळ अशी: ‘डॉक्टरेटविषयी विचारणा, ऑक्टोबर प्रवेश: पावसाळी डबक्यांतील फेअरी श्रिंपची सुप्त अंडी’. आणि मजकूर असा:

‘प्रिय प्राध्यापक महोदया, मी या वर्षी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण केले असून, सुप्त अंड्यांच्या परिसरशास्त्रात डॉक्टरेट करू इच्छिते. पुढील वर्षीच्या ऑक्टोबरपासून आपण नवा विद्यार्थी घेणार आहात काय, हे विचारण्यासाठी लिहीत आहे.

‘माझ्या प्रकल्पात मी कोकणातील जांभ्या सड्यावरील सहा डबक्यांच्या कोरड्या मातीतून स्ट्रेप्टोसेफॅलसची अंडी दोनदा भिजवून फुटतात काय ते पाहिले. तीन डबकी पावसाळ्यात मधेच आटणारी व तीन टिकणारी होती. क्षेत्रातील मोजणी आम्ही तिघांनी केली. भिजवणीचा प्रयोग मी योजला व केला. दुसऱ्या भिजवणीत आटणाऱ्या तिन्ही डबक्यांच्या मातीतून पुन्हा पिले निघाली, टिकणाऱ्यांपैकी एकाच डबक्याच्या मातीतून निघाली. मातीतील एकूण अंडी मी मोजली नसल्यामुळे, हा फरक फुटण्याच्या प्रमाणातील आहे की साठ्यातील, हे मला सांगता येत नाही.

‘आपल्या निबंधात नमुन्याचा अर्धा भाग साखरेच्या द्रावणाने मोजून ही अडचण दूर केली आहे, हे मी वाचले. कोकणात पावसाचे आगमन बरेच निश्चित असते, खंड मात्र अनिश्चित असतात; यांपैकी कोणती अनिश्चितता अंड्यांच्या वर्तनास कारण होते, हे तपासण्याची माझी इच्छा आहे.

‘आपणाकडे जागा असल्यास ती प्रकल्पाच्या अनुदानातून आहे, की मी डाडच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा, हेही कृपया कळवावे. दोन पानांचा परिचय व प्रकल्पाचा एक पानाचा सारांश सोबत जोडला आहे. आपली विश्वासू.’

या मसुद्यात विनंती पहिल्याच परिच्छेदात आली आहे, कारण ईमेल भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर उघडली जाते आणि तेथे पहिल्या काही ओळीच दिसतात. विद्यार्थ्याचा जन्म, बालपणापासूनची विज्ञानाची आवड आणि प्रकृतिस्वास्थ्याची विचारपूस यांनी त्या ओळी भरल्यास पत्राचा हेतू खाली दडतो. बरण्यांचा आठ-नऊ व तीन-नऊ हा हिशेब पत्रातून गाळून डबक्यांचा तीन-एक हा हिशेब ठेवला आहे. टिकाऊ डबक्यांच्या ज्या तीन बरण्यांत पिले निघाली त्या तिन्ही एकाच डबक्याच्या होत्या, ही हकीकत बरण्या मोजल्याने झाकली गेली होती आणि डबकी मोजताच उघडी झाली. तीन विरुद्ध एक हा फरक आठ विरुद्ध तीन याहून दुबळा दिसतो हे खरे. पण जेवढा पुरावा आहे तेवढाच तो दाखवतो, आणि जाणकार वाचकास तेच हवे असते. ‘परमआदरणीय’, ‘आपला नम्र शिष्य’ अशा विशेषणांची युरोपातील प्राध्यापकास सवय नसते. हुद्दा आणि आडनाव शुद्ध लिहिले की आदर पोचतो. ते आडनाव मात्र दोनदा तपासावे, कारण मागील पत्रातील नाव तसेच राहून जाणे ही या पत्रव्यवहारातील नित्याची आणि न सुधारता येणारी चूक आहे.

जोडपत्रांविषयी थोडे सांगितले पाहिजे. परिचय आणि सारांश हे दोनच दस्तऐवज पीडीएफ स्वरूपात जोडावेत आणि त्यांच्या नावांत आपले आडनाव असावे. गुणपत्रिका, प्रमाणपत्रे आणि शंभर पानी प्रबंध मागितल्यावाचून पाठवू नयेत. गुण लिहिताना ते किती पैकी आहेत हे सांगावे, कारण दहापैकी आठ आणि जर्मन पद्धतीतील एक ते पाच या श्रेणी, ज्यांत एक ही सर्वोत्तम असते, यांची दिशाच उलटी आहे. नेट किंवा तत्सम परीक्षेतील यश परिचयात एका ओळीत यावे. एकाच वेळी अनेकांस गुप्त प्रतीने पाठवलेले पत्र वाचणाऱ्यास ओळखू येते. त्याच विभागातील दोन प्राध्यापकांस एकाच आठवड्यात एकच मजकूर पाठवला तर तोही कळतो, कारण ते दोघे एकमेकांशी बोलतात. एका पत्रामागे दोन निबंध मनःपूर्वक वाचावयाचे झाल्यास महिन्याकाठी थोडीच पत्रे होतील, आणि तेवढीच ठीक.

पत्र गेल्यानंतर बहुधा शांतता पसरते. दोन आठवडे थांबून, मूळ पत्राच्या खालीच, तीन ओळींचे एक स्मरणपत्र पाठवावे. त्यानंतर मात्र पुन्हा लिहू नये. या शांततेचा अर्थ आपल्या पात्रतेवर लावण्याची घाई विद्यार्थी करतात, म्हणून एका प्रसिद्ध प्रयोगाचा दाखला येथे देणे जरूर आहे. कॅथरिन मिल्कमन, मोदुपे अकिनोला आणि डॉली चुघ यांनी अमेरिकेतील 259 विद्यापीठांतल्या साडेसहा हजारांहून अधिक प्राध्यापकांस, डॉक्टरेटचा विचार करणाऱ्या काल्पनिक विद्यार्थ्यांच्या नावाने, भेटीची वेळ मागणारी ईमेल पाठवली. मजकूर सर्वत्र तोच होता. पाठवणाऱ्याचे नाव तेवढे बदलले होते, आणि त्यावरून तो पुरुष की स्त्री, गोरा, कृष्णवर्णी, हिस्पॅनिक, भारतीय की चिनी, हे सूचित होत होते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की गोऱ्या पुरुषांच्या नावाने गेलेल्या पत्रांना इतर सर्वांच्या मानाने अधिक उत्तरे आली, आणि ही तफावत ज्या विद्याशाखांत वेतन अधिक तेथे आणि खाजगी संस्थांत मोठी होती. मजकूर तंतोतंत एक असूनही असे घडते, तेव्हा न आलेल्या उत्तरावरून मजकुराची किंमत ठरवता येत नाही. वाचणाऱ्याचा पूर्वग्रह, भरलेल्या जागा, संपलेले अनुदान, प्रवास, सुटी यांपैकी कारण कोणते हे बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. मजकुराचा दोष शोधावयाचा असेल तर तो उत्तरांच्या मोजणीत न शोधता आपल्या शिक्षकास पत्र वाचावयास देऊन शोधावा.

आलेली उत्तरेही नीट वाचावी लागतात. ‘आता निधी नाही, पण शिष्यवृत्ती आणल्यास आनंदाने विचार करीन’ हा नकार नव्हे. त्यावर संमतिपत्राची विनंती आणि शिष्यवृत्तीच्या मुदतीची तारीख कळवणारे उत्तर त्याच आठवड्यात गेले पाहिजे. ‘आमच्या पदवी-विद्यालयाच्या संकेतस्थळावरून अर्ज करावा’ हे उत्तर साचेबंद असले तरी त्यात मार्ग दाखवलेला असतो, आणि त्या अर्जात, आपण अमुक प्राध्यापिकेशी पत्रव्यवहार केला आहे, असे लिहिता येते. ‘माझा विषय आता बदलला आहे, अमुक सहकाऱ्यास लिहावे’ असे उत्तर आल्यास त्या सहकाऱ्यास लिहिताना कोणी सुचवले ते पहिल्या वाक्यात सांगावे, आणि त्याचे निबंध वाचल्यावाचून मात्र लिहू नये.

आणि होकाराच्या दिशेने जाणारे उत्तर आले तर बहुधा अर्ध्या तासाच्या संभाषणाचे निमंत्रण येते. त्या संभाषणाचा आरंभ जवळजवळ निश्चितपणे प्रकल्पाच्या परिच्छेदापासून होतो: सहाच डबकी का, पाणी कोणते वापरले, पिले रोज न काढता काय झाले असते, त्या एका टिकाऊ डबक्याचा अपवाद कशामुळे असावा. ज्या विद्यार्थिनीने पत्रात ‘सिद्ध केले’ असे लिहिले असेल तिला या प्रत्येक प्रश्नाशी माघार घ्यावी लागेल. जिने ‘हे मला सांगता येत नाही’ असे लिहिले असेल तिला त्या वाक्यापासून पुढे, अंडी मोजण्याच्या प्रयोगाकडे, बोलत जाता येईल. म्हणून पत्र पाठवण्यापूर्वी प्रकल्पाच्या परिच्छेदातील प्रत्येक वाक्य, क्रियापदासह, आपल्या शिक्षकासमोर मोठ्याने वाचावे, त्यांना त्यावर उलटप्रश्न करू द्यावेत, आणि ज्या वाक्याचे समर्थन करता आले नाही ते तेथेच बदलावे. एवढे झाले की पत्र पाठवण्यास योग्य झाले.